वाचल्याबरोबर समजते

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांसाठी तालुका पातळीवर एक निबंध स्पर्धा होते आणि तिच्या संयोजनाचे काम माझ्याकडे असते. परीक्षकांकडून परत आलेल्या निबंधांच्या समासात पूर्वी ‘विषयांतर’, ‘पाठांतर’, ‘शुद्धलेखन पाहा’ असे शेरे असत. अलीकडे त्यांत ‘एआय’ या शेऱ्याची भर पडली आहे. क्वचित त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असते, एरवी तो पूर्णविरामासारखा ठामपणे उमटलेला असतो. हा शेरा कशावरून दिला असे विचारले की मिळणारे उत्तर जवळजवळ ठरलेले आहे. आमचे एक ज्येष्ठ परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांनी आयुष्यभर पोरांचे निबंध तपासले आहेत, आणि ते म्हणतात, “मॅडम, मले त वाचल्याबरोबर समजते.”

सरांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे. उसना निबंध, गाईडमधून उतरवलेला निबंध, मोठ्या भावाने लिहून दिलेला निबंध हे सगळे त्यांनी पाहिलेले आहे. मात्र ‘वाचल्याबरोबर समजते’ या वाक्यात दोन वेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. वाचताना मनात काहीतरी खटकते, हे पहिले विधान आणि ते निर्विवाद खरे आहे. जे खटकते ते यंत्राच्या लिखाणामुळेच खटकते, हे दुसरे विधान आणि त्याला पहिल्याचा काहीही आधार नाही. ही दोन विधाने एकाच क्षणी मनात येतात, म्हणून ती एकच आहेत असे वाटते, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

एक निबंध तपशिलात पाहण्यासारखा आहे. विषय होता ‘माझ्या गावातील बदलती शेती’ आणि लिहिणारी मुलगी अकरावीत शिकणारी, आदिवासी वस्तीतून येणारी होती. निबंधाची सुरुवात ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ अशी झाली होती. परिच्छेद साधारण सारख्या लांबीचे होते, ‘एकीकडे’ आणि ‘दुसरीकडे’ यांची जोडी जागोजाग आली होती, आणि शेवट ‘म्हणूनच असे म्हणावेसे वाटते की’ या शब्दांनी होत होता. शुद्धलेखनाची चूक शोधूनही सापडत नव्हती. एका परिच्छेदात 2017 च्या हंगामात विदर्भातल्या कापसावर आलेल्या गुलाबी बोंडअळीचा उल्लेख होता. बीटी वाणांना अळी दाद देईनाशी झाली, हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून फरदड घेत राहिल्यामुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राहिले, आणि म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाकावी व हेक्टरी 5 कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे, असे तिने लिहिले होते. ‘पऱ्हाटी’ हा शब्द मात्र तिथे नव्हता. ‘कापसाचे पीक’ असे होते.

तिन्ही परीक्षकांनी, एकमेकांशी न बोलता, या निबंधावर खूण केली. कारणे विचारली तेव्हा तिघांची कारणे जुळली: चूक एकही नाही, बांधणी अतिनीटस आहे, गावचा एकही शब्द नाही, आणि अकरावीच्या पोरीला कामगंध सापळ्यांची हेक्टरी संख्या कुठून कळणार? तिघांचे एकमत झाले म्हणजे गोष्ट सिद्धच झाली, असा बैठकीतला सूर होता. पण तीन माणसे एकाच ठोकताळ्याने मोजत असतील तर त्यांच्या उत्तरांचे जुळणे हा तीन वेळा मिळालेला पुरावा ठरत नाही. ठोकताळाच चुकीचा असेल तर तिघेही सारखेच चुकणार आणि सारख्याच खात्रीने चुकणार.

नंतर शाळेतून त्या निबंधाचा कच्चा कागद आला. रेघांच्या वहीतून फाडलेली ती पाने होती. त्यांवर मुलीने ‘वावर’ लिहिले होते आणि तिच्या शिक्षकांनी लाल पेनाने ते खोडून ‘शेत’ केले होते. ‘पऱ्हाटी’चे ‘कापसाचे पीक’ झाले होते, ‘धुऱ्यावर’चे ‘बांधावर’ झाले होते, आणि ‘बाप सालगडी होता’ हे वाक्य काट मारून पूर्ण काढून टाकले होते, बहुधा स्पर्धेच्या निबंधात ते शोभत नाही म्हणून. पहिले वाक्य तर तिचे नव्हतेच. ते शिक्षकांनी वरच्या समासात लिहून बाणाने आत घेतले होते. मग शाळेच्या संगणक ऑपरेटरने टंकलेखन करताना ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि मोठे परिच्छेद तोडून सारखे केले, कारण पानावर ते चांगले दिसतात. परीक्षकांच्या हाती पोचलेल्या मजकुरात माणसाच्या म्हणून ज्या खुणा ते शोधत होते त्या सगळ्या माणसांनीच, चांगल्या हेतूने, पुसून टाकल्या होत्या. कामगंध सापळ्यांची संख्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेल्या कृषी विभागाच्या पत्रकातली होती. आमचे परीक्षक तालुक्याच्या गावी राहतात. त्यांच्यासाठी जी माहिती विशेष होती, ती कास्तकाराच्या घरात रोजच्या बोलण्यातली होती.

कच्चा कागद हा काही अंतिम पुरावा नव्हे, हेही इथेच सांगायला हवे, कारण पडद्यावरचे उतरवूनही वही भरता येते. तरीही खोडलेले अर्धे वाक्य, पुढे त्याच वाक्याचा बदललेला प्रयत्न, समासात नंतर सुचून घातलेला बोंडअळीचा परिच्छेद, हा क्रम उतरवलेल्या मजकुरात सहसा दिसत नाही. त्या कागदाने मुलीची बाजू पुष्कळ भक्कम केली, आणि परीक्षकांच्या मनातला अंदाज कशाकशामुळे तयार झाला होता ते उघडे केले.

ग्रामीण विदर्भातल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अपवादाने घडणारी नाही, कारण प्रमाण मराठी ही त्यांच्यापैकी पुष्कळांची शिकून घेतलेली भाषा असते. घरी वऱ्हाडी, कुठे गोंडी, कुठे कोलामी बोलली जाते. निबंधाची मराठी शाळेत भेटते, आणि तीही बहुतेक वेळा निबंधाच्या गाईडमधून. त्यामुळे मुलांच्या हाती त्या भाषेतली मोजकी वाक्ये असतात, आणि ती अशी असतात की पहिले दोन शब्द वाचले की पुढचे चार सांगता यावेत. भाषा घडवणारी यंत्रेही, अगदी ढोबळपणे सांगायचे तर, आधीच्या शब्दांवरून पुढचा संभवनीय शब्द निवडत जातात. अपेक्षित शब्द अपेक्षित जागी येणे हे दोघांच्या लिखाणात सारखेच दिसते. यंत्र त्या जागी पोचते ते लाखो मजकूर पचवून, आणि मुलगी पोचते ती तिच्याजवळ दुसरी वाक्ये नसल्यामुळे. कागदावर हा फरक दिसत नाही.

इंग्रजीच्या बाबतीत हे मोजून झालेले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेम्स झोऊ यांच्या गटाने 2023 मध्ये, यंत्राचे लिखाण ओळखण्याचा दावा करणारी 7 साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, तेव्हा माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध याच साधनांनी जवळजवळ अचूक ओळखले. मला सर्वांत बोलकी वाटली ती पुढची पायरी. संशोधकांनी टोफेलच्या त्याच निबंधांची शब्दसंपत्ती चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतली, आणि मग ते निबंध यंत्राचे ठरण्याचे प्रमाण एकदम खाली आले. म्हणजे यंत्राचा हात फिरल्यावर ते निबंध माणसाचे वाटू लागले. ही गोष्ट साधनांची आहे, परीक्षकांची नाही, हे खरे. पण आमच्या बैठकीतले ठोकताळे याच जातीचे आहेत: सोपा शब्द, ठरलेली बांधणी, अपेक्षित शेवट.

माणसांच्या अंदाजाची तपासणीही झाली आहे. मॉरिस जेकेश, जेफ्री हॅनकॉक आणि मोर नामन यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 4,600 माणसांना छोटे स्वपरिचय वाचायला दिले आणि कोणता माणसाने लिहिला, कोणता यंत्राने, असे विचारले. बरोबर उत्तरांचे प्रमाण 50 ते 52 टक्के निघाले. नाणे उडवूनही तेवढेच हाती आले असते. लोक अगदी भलभलते बोलत होते, असे मात्र नव्हते. प्रथमपुरुषी सर्वनामे, घरच्या माणसांचे उल्लेख आणि बोलण्यातली सैल रूपे दिसली की मजकूर माणसाचा, असे बहुतेकजण धरून चालले होते. ठोकताळ्यात एकवाक्यता होती, फक्त त्याचा वास्तवाशी मेळ नव्हता. आणि हे ठोकताळे कळल्यावर त्यांना साजेसा मजकूर यंत्राकडून तयार करून घेता येतो, इतका की खऱ्या माणसाच्या मजकुरापेक्षा तोच अधिक माणसाचा वाटावा, हेही त्यांनी दाखवून दिले.

हे आपल्याकडे आणून पाहिले की चित्र स्पष्ट होते. ज्या पोराला तालुक्याच्या गावी शिकवणी आहे आणि हातात बरा मोबाइल आहे, त्याला यंत्राला एवढेच सांगायचे असते की वऱ्हाडी शब्द घाल, आई कापूस वेचायला जाते असे लिही आणि एकदोन चुका राहू दे. त्याच्या निबंधात वावर येईल, धुरा येईल, आईच्या हातांना बोचलेली बोंडे येतील, आणि परीक्षक समासात ‘अनुभवाचा ओलावा’ असे लिहितील. ज्या मुलीच्या निबंधातून सालगड्याचे वाक्य शिक्षकांनी काढून टाकले तिच्यावर खूण होईल. अंदाज केवळ अधूनमधून चुकतो असे नाही, तो ठरावीक दिशेने चुकतो, आणि त्या दिशेला कोण उभे असते हे आमच्या भागात वेगळे सांगावे लागत नाही.

इथवर अंदाजाबद्दल झाले. मला त्याहून अवघड वाटतो तो खात्रीचा प्रश्न. अंदाज कच्चा असून माणसाला तो कच्चा आहे हे कळत असते, तर फारसे बिघडले नसते, त्याने प्रश्नचिन्ह लावले असते. पण शेऱ्यापुढे प्रश्नचिन्ह नसते, आणि अनुभव वाढत जातो तसतसे ते दिसणे अधिकच दुर्मीळ होते. अनुभवाने खात्री वाढते हे समजण्यासारखे आहे. अनुभवाने अचूकपणाही वाढतो का, याचे उत्तर मात्र अनुभव कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून असते.

आमच्या बाजूच्या कापूस खरेदी केंद्रावर उभे राहिले की हे नीट दिसते. जुना ग्रेडर ढिगात हात घालतो, मूठभर कापूस दाबून सोडतो आणि ओलावा किती ते सांगतो. लगेच ओलावा मोजणारे यंत्र लावले जाते आणि काट्यावर आकडा येतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव आणि 12 टक्क्यांच्या वर माल परत, असा नियम असल्याने त्या आकड्यावर कास्तकार आणि ग्रेडर दोघांचेही लक्ष असते. हात चुकला तर त्याच मिनिटाला, चार माणसांसमोर कळते. एका हंगामात असे शेकडो वेळा घडते, आणि म्हणून ग्रेडरच्या हाताला खरे ज्ञान येते. डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन हे अंतःप्रेरणेबद्दल परस्परविरोधी मते असलेले दोन मानसशास्त्रज्ञ. 2009 मध्ये त्यांनी एकत्र लिहिलेल्या निबंधात त्यांचे ज्यावर एकमत झाले ते हेच होते: ज्या कामात खुणा आणि परिणाम यांचा नियमित संबंध असतो, आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे वेळच्या वेळी कळत राहते, तिथेच अंदाजावर विश्वास टाकता येतो. या दोन अटी पुऱ्या होत नसतील तर मनातली खात्री किती प्रबळ आहे यावरून तिच्या खरेपणाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

निबंध तपासणाऱ्याच्या वाट्याला यांतली एकही अट येत नाही. यंत्रे काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे कालची खूण आज लागू पडेल याचा नेम नाही. आणि निकाल तर कधीच येत नाही. जो निबंध यंत्राने लिहिलेला असून चांगला वाटला, त्याला बक्षीस मिळते आणि तो परीक्षकाच्या हिशेबातून ‘माणसाचा’ म्हणून कायमचा निघून जातो. ज्याच्यावर खूण झाली त्याचे काय झाले हेही सहसा कळत नाही. कळते तेव्हा ते अशा रीतीने कळते की त्यातून चुकीचाच धडा मिळावा.

त्या रीतीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. खूण झालेल्या मुलाला शाळेच्या कार्यालयात बोलावतात. समोर मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि एखादे बाहेरचे सर बसलेले असतात. “खरं सांग बेटा, हे तू लिहिलं का?” असा प्रश्न येतो. आमच्याकडचे पोरगे अशा वेळी खाली पाहते. फार रेटले तर “हो सर” म्हणते, आणि ते ‘हो सर’ कशाला उद्देशून आहे हे कोणी विचारत नाही. शिक्षकांनी वाक्ये बदलून दिली असली तर त्याला आपण काहीतरी लपवतो आहोत असे खरेच वाटत असते, आणि ते चेहऱ्यावर दिसते. गप्प राहणे हा कबुलीजबाब धरला जातो, परीक्षकांपर्यंत निरोप पोचतो की पोरगे काहीच बोलू शकले नाही, आणि परीक्षकाच्या मनातल्या खात्यात आणखी एक अंदाज खरा म्हणून जमा होतो. माणूस खोटे बोलतो आहे की नाही हे त्याच्याकडे पाहून ओळखण्यात आपण किती वाकबगार आहोत, यावर अर्ध्या शतकाचे संशोधन आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी 2006 मध्ये त्याचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा अचूकपणा सरासरी 54 टक्के निघाला, आणि डीपाउलो यांच्याच त्याआधीच्या एका आढाव्यात खात्री आणि अचूकपणा यांच्यातला संबंध जवळजवळ शून्य आढळला होता. जे स्वतःच्या निर्णयाबद्दल ठाम होते ते साशंक लोकांपेक्षा अधिक बरोबर नव्हते.

शिक्षकांची वेगळी परीक्षाही घेतली गेली आहे. जर्मनीत योहाना फ्लेकेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांत 89 भावी शिक्षकांना आणि 200 अनुभवी शिक्षकांना विद्यार्थ्यांचे आणि यंत्राचे निबंध मिसळून दिले. दोन्ही गटांना ते वेगळे काढता आले नाहीत, आणि दोन्ही गटांची खात्री त्यांच्या अचूकपणाच्या मानाने जास्त होती. वर्षानुवर्षांच्या अध्यापनाने निबंधाची प्रत कळते. निबंध कोणी लिहिला हे कळण्याची विद्या वेगळी आहे आणि ती त्या अनुभवात आपोआप येत नाही.

आमच्या समितीपुढे हे सगळे मांडले तेव्हा स्वाभाविक प्रतिक्रिया आली की ते परदेशातले आणि इंग्रजीतले झाले, मराठी निबंध आम्हाला कळतो. हा आक्षेप फेटाळण्याजोगा नव्हता, म्हणून घरचाच उपाय केला. चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले ते 30 नोव्हेंबर 2022 रोजी. त्याच्या कितीतरी आधीचे स्पर्धेचे निबंध कपाटात गठ्ठे बांधून पडलेले होते. ते कोणी लिहिले असतील ते असोत, यंत्राने लिहिलेले नाहीत एवढे निश्चित. त्यांतले काही त्याच ऑपरेटरकडून, त्याच अक्षरवळणात टंकून घेतले, नावे काढून क्रमांक दिले आणि चालू वर्षाच्या निबंधांत मिसळले. परीक्षकांना एवढेच सांगितले होते की काही निबंधांचे खरे उत्तर आमच्याकडे आहे. प्रत्येक खुणेसोबत आपल्याला किती खात्री वाटते, ते शंभरपैकी आकड्यात लिहायचे होते.

जुन्या निबंधांवरही खुणा आल्या, आणि त्यांतल्या काहींपुढे 90 च्या वरचे आकडे होते. एका निबंधावर ‘शंभर टक्के यंत्र, शेवटचा परिच्छेद पाहा’ असा शेरा होता. तो निबंध त्याच्या वर्षी पहिला आला होता. त्याचा शेवटचा परिच्छेद त्या काळी सगळ्या तालुक्यात चालणाऱ्या एका गाईडच्या वळणाचा होता. ही तपासणी अर्धीच आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. निर्दोष निबंधावर खूण किती सहज होते एवढेच तिच्यातून कळते, यंत्राचे निबंध किती निसटले ते कळत नाही. ते कळायला मुद्दाम यंत्राकडून लिहून घेतलेले निबंधही मिसळावे लागतील. तरीही एवढ्यानेच एक परिणाम झाला: आयुष्यात प्रथमच परीक्षकांच्या अंदाजाचा निकाल लागला होता. मुख्याध्यापक सरांनी आपले आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे गाईडवाल्यायनं आधीच मशीन बनोली होती!” सगळे हसले, पण सरांचे निरीक्षण नेमके होते.

अंदाज बऱ्यापैकी चांगला असला तरी काय होते, तेही हिशेबाने पाहावे. समजा 200 निबंध आले आणि त्यांतले 20 यंत्राचे आहेत. परीक्षकाची नजर चांगली आहे, तो 20 पैकी 12 पकडतो. माणसांच्या 180 निबंधांपैकी शंभराला 15 या प्रमाणात तो चुकून खूण करतो, म्हणजे 27. एकूण खुणा 39 झाल्या, आणि त्यांतल्या 27 निर्दोष मुलांवर आहेत. दर तीन खुणांमागे दोन चुकीच्या, आणि तेही चांगल्या नजरेच्या परीक्षकाकडून. त्याच परीक्षकापुढे जर 100 यंत्राचे आणि 100 माणसांचे निबंध आले, तर त्याच्या 75 खुणांपैकी 60 बरोबर येतील. माणूस तोच, नजर तीच, फक्त ढिगातले प्रमाण बदलले. समोरच्या ढिगात यंत्राचे निबंध किती आहेत हे परीक्षकाला ठाऊक नसते, आणि म्हणून आपली एखादी खूण कितपत विश्वसनीय आहे हे त्याला स्वतःच्या नजरेवरून ठरवताच येत नाही. सगळीच पोरे आता मोबाइलवरून लिहितात असे मनाशी धरून बसलेला परीक्षक आणि पोरे प्रामाणिक आहेत असे मानणारा परीक्षक, दोघांनाही निबंध वाचताना सारखेच खटकेल. त्या खटकण्याला ते वेगवेगळे नाव देतील.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो दडवून ठेवणे अप्रामाणिक ठरेल. जेना रसेल, मार्झेना कार्पिन्स्का आणि मोहित अय्यर यांनी 2025 मध्ये केलेल्या अभ्यासात, लिखाणाच्या कामासाठी अशी यंत्रे स्वतः सतत वापरणाऱ्या 5 जणांना इंग्रजीतले 300 लेख दिले. पाच जणांच्या बहुमताने दिलेला निर्णय 300 पैकी फक्त एका लेखाबाबत चुकला. म्हणजे ही ओळख अशक्य कोटीतली नाही. पण हे लोक यंत्राचे लिखाण रोज हाताळत होते आणि आपापल्या निर्णयाची कारणे लिहून देत होते. ज्यांचा यंत्राशी फारसा संबंध नव्हता त्यांचे अंदाज याच अभ्यासात नाणेफेकीच्या आसपास राहिले. आमच्या परीक्षकांपैकी बहुतेकांनी यंत्राला एकदाही मराठी निबंध लिहायला सांगितलेला नाही. यंत्राचे लिखाण कसे असते याची त्यांची कल्पना, वाईट निबंध कसा असतो या कल्पनेवर बेतलेली आहे. शिवाय तो अभ्यास इंग्रजी वृत्तलेखनासारख्या मजकुरावरचा आहे. अकरावीच्या मराठी निबंधाला, मधे शिक्षकांचा लाल पेन आणि ऑपरेटरचे हात असताना, तो तसाच लागू होईल असे मानण्याला आधार नाही.

उपकरणावर विसंबावे, तर तिथेही हाच अडथळा येतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीनेच जानेवारी 2023 मध्ये यंत्राचे लिखाण ओळखणारे साधन काढले होते. ते यंत्राच्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखत होते, माणसांच्या मजकुरापैकी 9 टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवत होते, आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते बरेच निकृष्ट चालते, असे कंपनीनेच सांगून ठेवले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकपणा कमी असल्याचे कारण देऊन ते मागे घेतले गेले.

आता आमच्या गुणपत्रिकेतून ‘एआय’ हा शेरा काढून टाकला आहे. निबंध पोकळ असेल तर पोकळपणाचे गुण कापायचे, आणि कोणत्या वाक्यात काही सांगितलेले नाही ते वाक्य अधोरेखित करायचे. त्यासाठी लेखक कोण हे ठरवावे लागत नाही. यंत्राने लिहिलेला पोकळ निबंध आणि गाईडमधला पोकळ निबंध दोघांनाही सारखाच फटका बसतो, जे मला योग्य वाटते. शाळांनी टंकलेल्या प्रतीसोबत कच्चे कागद पाठवायचे, शिक्षकांच्या दुरुस्तीसकट, आणि बक्षिसासाठी निवडलेल्या मुलांनी तालुक्याच्या ठिकाणी येऊन त्याच विषयाच्या एखाद्या अंगावर तासभर बसून हाताने लिहायचे, असे ठरले आहे. यातही त्रुटी आहेत. दूरच्या वस्तीवरच्या मुलांना त्या दिवशी एसटी मिळेलच असे नाही, आणि घरी विचार करून चांगले लिहिणारे मूल घड्याळ लावल्यावर कोमेजते. मुख्याध्यापक सरांना हा सगळा खटाटोप वाटतो. पण गेल्या खेपेला त्यांच्याकडून आलेल्या निबंधांपैकी एकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘खटकते. कारण सांगता येत नाही. गुण कापले नाहीत.’ त्या निबंधाचे कच्चे कागद अजून शाळेकडून आलेले नाहीत.